अंधारातील उंचवटे : गतिरोधक आणि रम्बलरचे शास्त्र

रस्त्यावर एखादा अपघात झाला, की दुसऱ्या दिवशी ग्रामस्थ किंवा रहिवासी 'रास्ता रोको' करतात आणि त्यांची पहिली मागणी गतिरोधकाची असते. प्रशासनालाही ही मागणी सोयीची वाटते. उड्डाणपूल किंवा सिग्नल उभारण्यास वर्षे लागतात, तर गतिरोधक एका रात्रीत होतो. एक डंपर डांबरी मिश्रण, चार मजूर आणि एक रोलर एवढी सामग्री त्यास पुरेशी असते. परंतु ज्या घाईने हा उंचवटा उभा राहतो, त्या घाईत त्याचे मोजमाप, त्यावरील पट्टे आणि त्याच्या आधीचा फलक या तिन्ही गोष्टी बहुधा मागे पडतात. वेग कमी करण्यासाठी बांधलेला गतिरोधक मग स्वतःच अपघाताचे कारण ठरतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०१५ या वर्षाच्या अहवालात गतिरोधकांशी संबंधित सुमारे अकरा हजार अपघातांची आणि सुमारे ३,४०० मृत्यूंची नोंद होती. म्हणजे त्या वर्षी दररोज सरासरी नऊ माणसे, वाहनचालकांच्या सुरक्षेसाठी म्हणून बांधलेल्या वस्तूमुळे दगावली.

गतिरोधक कसा असावा याविषयी आपल्याकडे नियम नाहीत, असा एक समज आहे. तो खरा नाही. रस्तेबांधणीची मानके ठरविणाऱ्या 'इंडियन रोड्स काँग्रेस' या संस्थेने १९८८ मध्येच यासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली होती. 'आयआरसी ९९' या क्रमांकाने ती अभियंत्यांत ओळखली जातात. २०१८ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती निघाली आणि तिची व्याप्ती वाढवून त्यात वाहतुकीचा वेग शमविण्याच्या इतर उपायांचाही समावेश करण्यात आला. १९८८ च्या तत्त्वांच्या शीर्षकातच ती कमी महत्त्वाच्या रस्त्यांसाठी असल्याचे म्हटले होते, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. गतिरोधक हा मुळात वसाहतीतील गल्ल्या, शाळा-महाविद्यालयांची आवारे आणि मोठ्या रस्त्याला येऊन मिळणारे लहान रस्ते यांच्यासाठी सुचविलेला उपाय आहे. वेगवान वाहतुकीच्या मुख्य रस्त्यासाठी तो नाही. राष्ट्रीय महामार्गांवर गतिरोधक असू नयेत आणि असलेले काढून टाकावेत, अशा सूचना केंद्रीय मंत्रालयाने २०१६ मध्ये दिल्या होत्या, त्यामागेही हेच कारण होते.

पावणेचार मीटर रुंद, दहा सेंटिमीटर उंच

सर्वसाधारण वाहतुकीसाठी सुचविलेल्या गतिरोधकाचा आकार वर्तुळाच्या एका चपट्या तुकड्यासारखा असतो. वाहन ज्या दिशेने जाते त्या दिशेने त्याची रुंदी ३.७ मीटर आणि मध्यभागी उंची १० सेंटिमीटर असते. १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा कंस घेतला, की हीच मापे मिळतात. हा आकार आपल्याकडे शोधलेला नाही. ब्रिटनच्या वाहतूक व रस्ते संशोधन प्रयोगशाळेतील जी. आर. वॉट्स यांनी १९७३ मध्ये वेगवेगळ्या मापांच्या उंचवट्यांवरून वाहने चालवून जे प्रयोग केले, त्यातून तो पुढे आला. बारा फूट लांब आणि चार इंच उंच हा त्यांचा उंचवटा पुढे जगभर मान्य झाला. मेट्रिक मापांत रूपांतर केले तर बारा फूट म्हणजे जवळपास ३.७ मीटर आणि चार इंच म्हणजे १० सेंटिमीटर होतात. आपल्या तत्त्वांतील आकडे तेच आहेत.

या मापांच्या गतिरोधकावरून ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने वाहन विनासायास पार व्हावे, त्यापेक्षा वेगाने गेल्यास अस्वस्थ वाटावे, अशी रचना आहे. ज्या रस्त्यावर मालमोटारी आणि बसगाड्या अधिक असतील तेथे दोन्ही बाजूंना सौम्य उतार जोडून रुंदी सुमारे पाच मीटरपर्यंत वाढविण्याची मुभा आहे, कारण लांब चाकांतराच्या वाहनाला तोच उंचवटा अधिक त्रासदायक ठरतो.

येथे सामान्य वाचकाला एक प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. वेगच कमी करायचा तर इतका पसरट उंचवटा कशाला, छोटा आणि उंच का नको? आपल्या गल्लीबोळांत नेमका तसाच असतो. हातभर रुंद आणि वीतभर उंच. वॉट्स यांच्या प्रयोगांनी याच समजाला छेद दिला. अरुंद उंचवट्यावरून चारचाकी वाहन वेगाने गेले, तर चाक उसळते, पण स्प्रिंग आणि शॉक अॅब्झॉर्बर तो धक्का गिळून टाकतात आणि वाहनाच्या सांगाड्याला हलण्यास वेळच मिळत नाही. परिणामी हळू जाणाऱ्याला धक्का अधिक बसतो आणि वेगात जाणाऱ्याला कमी. वेग कमी करणाऱ्याला शिक्षा आणि न करणाऱ्याला बक्षीस, असा हा उलटा न्याय आहे. मोटारचालकांना हे अनुभवाने कळते आणि काही जण अशा उंचवट्यांवर वेग न कमी करताच गाडी घालतात. पसरट उंचवट्यावर मात्र संपूर्ण वाहन वर चढते आणि उतरते, त्यामुळे वेग जितका जास्त तितका त्रास जास्त, हे साधे नाते टिकून राहते.

दुचाकीस्वाराच्या बाबतीत अरुंद उंचवट्याचा परिणाम वेगळा आणि अधिक घातक असतो. थोडे गणित करून पाहू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे ११ मीटर अंतर कापते. मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकाचा माथा कडेपासून १.८५ मीटरवर असतो. चाकाला तो चढण्यास सेकंदाचा सहावा भाग मिळतो. आता उंची तेवढीच, पण एकूण रुंदी ६० सेंटिमीटर असलेला गल्लीतील उंचवटा घ्या. त्याचा माथा ३० सेंटिमीटरवर असतो, आणि चाकाला तीच दहा सेंटिमीटर उंची सेकंदाच्या सुमारे पस्तिसाव्या भागात गाठावी लागते. उंची तीच असताना चाकाला वर फेकले जाण्याचा वेग सहापट होतो. दुचाकीच्या दोन चाकांतील अंतर सव्वा मीटरच्या आसपास असते. पसरट गतिरोधकावर दोन्ही चाके एकाच वेळी चढणीवर किंवा उतरणीवर असू शकतात. अरुंद उंचवट्यावर मात्र पुढचे चाक खाली आपटून पुढे जाते, तेव्हा मागचे चाक वर उसळते. चालकाला हँडल घट्ट धरता येते, मागे बसलेल्याला नाही. मागील चाकाच्या जवळपास वर बसलेल्या व्यक्तीला तो उसळीचा धक्का थेट लागतो. साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसलेली महिला किंवा मांडीवर मूल घेतलेली आई अशा वेळी मागच्या मागे फेकली जाते आणि डोक्यावर पडते. मागे बसणाऱ्यांना आपल्याकडे हेल्मेटचा नियम असूनही तो फारसा पाळला जात नाही, ही जोड लक्षात घेतली म्हणजे ताशी तीस-चाळीसच्या वेगात झालेले असे अपघातही प्राणघातक का ठरतात, ते कळते.

बसमधील प्रवाशांनाही हा धोका आहे. बसच्या मागील आसनांची रांग बहुधा मागच्या चाकांच्याही पलीकडे असते. बस उंचवट्यावरून वेगाने गेली, की ती रांग झोपाळ्याच्या टोकासारखी उसळते आणि प्रवासी आसनावर आदळतो. अशा आदळण्यात कमरेच्या वरच्या भागातील मणका दबून मोडल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत अनेक देशांतून नोंदल्या गेल्या आहेत. हाडे ठिसूळ झालेल्या वयस्कर प्रवाशांना हा धोका विशेष असतो.

पट्टे नसतील तर काय होते?

आकार बरोबर असला तरी गतिरोधक दिसला नाही तर उपयोग नाही. आपल्याकडील अपघातांत आकाराइतकाच, किंबहुना त्याहून मोठा वाटा या न दिसण्याचा आहे. डांबरी रस्ता काळा आणि डांबरी गतिरोधकही काळा. दिवसा सावलीमुळे त्याचा उंचवटा कसाबसा ओळखता येतो. रात्री वाहनाचा दिवा जवळपास चालकाच्याच दिशेने पडत असल्याने ती सावलीही नाहीशी होते आणि उंचवटा रस्त्यात विरून जातो. पावसात भिजलेल्या रस्त्यावर तर दिव्याचा प्रकाश पुढे निघून जातो आणि चालकाला परत काहीच दिसत नाही.

एक प्रसंग घेऊन याचा हिशेब मांडू. दुचाकीस्वार ताशी ६० किलोमीटर वेगाने, रात्री, पथदिवे नसलेल्या रस्त्यावरून जात आहे. हा वेग सेकंदाला जवळपास १६.७ मीटर होतो. रस्त्यांची रचना करताना आपले अभियंते चालकाला धोका दिसून ब्रेक दाबला जाईपर्यंत अडीच सेकंद लागतात असे धरतात. एवढ्या वेळात वाहन जवळपास ४२ मीटर पुढे गेलेले असते. त्यानंतर वेग साठवरून पंचवीसवर आणण्यास साधारण ब्रेक लावून सुमारे ३१ मीटर लागतात. एकूण ७३ मीटर. म्हणजे गतिरोधकाची चाहूल चालकाला किमान इतक्या अंतरावरून लागली पाहिजे. दुचाकीच्या खाली वळविलेल्या दिव्यात काळा, न रंगविलेला उंचवटा तीस मीटरवरून दिसला तरी पुष्कळ. अडीच सेकंदांच्या हिशेबाने चालकाचे बोट ब्रेकवर पडण्यापूर्वीच चाक उंचवट्यावर चढलेले असते. चालक अत्यंत सावध आहे आणि त्याने एका सेकंदात ब्रेक दाबला असे मानले, तरी गतिरोधकाशी पोहोचताना त्याचा वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास असेल.

त्यातही ब्रेक दाबलेला असताना उंचवट्यावर चढणे हे ब्रेक न दाबता चढण्यापेक्षा कित्येकदा वाईट ठरते. ब्रेकमुळे दुचाकीचे वजन पुढच्या चाकावर आलेले असते, पुढचा शॉक अॅब्झॉर्बर दबलेला असतो, म्हणजे धक्का झेलण्याची त्याची क्षमता आधीच खर्च झालेली असते. उंचवट्याच्या माथ्यावरून चाक क्षणभर हवेत गेले, की ब्रेकमुळे ते फिरायचे थांबते आणि थांबलेले चाक जमिनीवर टेकताच बाजूला घसरते. पंचनाम्यात अशा अपघाताचे वर्णन 'दुचाकी घसरून' असे दोन शब्दांत होते. का घसरली, हे त्यात नसते.

चारचाकी वाहनांत हेच न दिसणे वेगळे रूप घेते. पुढच्या वाहनाला उंचवटा ऐनवेळी दिसतो आणि तो करकचून ब्रेक दाबतो. मागच्या वाहनाच्या चालकाला मात्र पुढे उंचवटा आहे याची कल्पनाच नसते. पुढे रस्ता मोकळा दिसत असताना समोरची गाडी का थांबते, हे उमगेपर्यंत तो तिच्यावर आदळलेला असतो.

फलक, रंग आणि काचेचे मणी

मार्गदर्शक तत्त्वांनी यासाठी दोन टप्प्यांची सूचना ठेवली आहे. पहिला टप्पा फलकाचा. लाल कडेच्या त्रिकोणी फलकावर उंचवट्याचे चित्र आणि त्याखाली मजकुराची पाटी, असा हा फलक पहिल्या गतिरोधकापूर्वी ४० मीटरवर उभा करावा, असे १९८८ च्या तत्त्वांत म्हटले होते. वर केलेल्या हिशेबाशी हे अंतर ताडून पाहावे. ताशी साठच्या वेगाला ७३ मीटर लागतात, तर फलक चाळीस मीटरवर आहे. उरलेल्या ३३ मीटरची तजवीज फलक लांबून वाचता येण्यावर अवलंबून आहे. झाडाच्या फांदीमागे दडलेला, जाहिरातीने झाकलेला किंवा परावर्तक कागद निघून गेलेला फलक म्हणूनच निरुपयोगी ठरतो. तो नियमाप्रमाणे चाळीस मीटरवर उभा असला तरीही.

दुसरा टप्पा गतिरोधकावरील पट्ट्यांचा. काळ्या-पांढऱ्या रंगांचे आलटून पालटून पट्टे असावेत, रात्री ते दिसावेत यासाठी प्रकाश परत फेकणारा रंग वापरावा, शिवाय बोलीभाषेत 'कॅट आय' म्हटले जाणारे परावर्तक बसविता येतील, अशी तरतूद आहे. येथे रंग कोणता, यालाच सारे महत्त्व आहे. भिंतीला लावतात तसा साधा ऑइलपेंट दिवसा पांढराशुभ्र दिसतो, पण रात्री दिव्याचा प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि चालकाकडे त्यातला फारच थोडा येतो. रस्त्यासाठी असलेला 'थर्मोप्लास्टिक' रंग वितळवून गरम असतानाच पसरतात आणि त्यावर काचेचे बारीक मणी शिंपडतात. प्रकाश मण्यात शिरतो, मागच्या बाजूने परततो आणि आला त्याच दिशेने, म्हणजे वाहनाच्याच दिशेने, परत जातो. मणी आहेत की नाहीत, हे ओळखणे सोपे आहे. अंधारात पट्ट्यापासून पंधरा-वीस पावलांवर उभे राहून टॉर्च कपाळाशी, डोळ्यांच्या रेषेत धरावी. मणी असतील तर पट्टा लख्ख उजळतो. टॉर्च हात लांब करून बाजूला धरली तर तोच पट्टा मंद होतो. साध्या रंगाच्या पट्ट्यात हा फरक जाणवत नाही.

गतिरोधकावरचा रंग सपाट रस्त्यावरच्या रंगापेक्षा लवकर झिजतो. प्रत्येक चाक तेथे आपटते, प्रत्येक चालक तेथेच ब्रेक लावतो. त्यामुळे वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, रंग देण्याची पद्धत वर्दळीच्या रस्त्यावर अपुरी पडते. रंग उडालेला गतिरोधक हा कधीच रंग न दिलेल्या गतिरोधकाइतकाच धोकादायक असतो. जो चालक त्या रस्त्यावर नवखा आहे, त्याला तर या दोहोंत काहीच फरक नसतो.

सर्वांत धोक्याचा काळ कोणता असेल, तर तो नवे डांबरीकरण झाल्यानंतरचे पहिले काही दिवस. जुना उंचवटा खरवडला जातो, रस्ता गुळगुळीत होतो, वाहने वेग घेऊ लागतात. मग ठेकेदार जुन्याच जागी नवा गतिरोधक घालतो आणि रंगाचे काम मात्र वेगळ्या निविदेत, वेगळ्या ठेकेदाराकडे असते. डांबर थंड होऊन कोरडे होण्यासाठीही थोडा अवधी द्यावा लागतो. या दोन कामांमधील रात्री हा नवा, काळाकुळकुळीत उंचवटा चकचकीत रस्त्यावर कोणत्याही खुणेविना पडून असतो. रंग देणे शक्य नसेल तर फलक, परावर्तक शंकू आणि बॅरिकेड ठेवूनच रस्ता खुला करावा, एवढी साधी अट कामाच्या आदेशात घातली तरी हा प्रश्न सुटू शकतो. ती घातली जात नाही, हा प्रशासनाचा हलगर्जीपणाच म्हटला पाहिजे.

एका गावच्या फाट्याचा आराखडा

तत्त्वे प्रत्यक्षात कशी उतरतात, ते पाहण्यासाठी महाराष्ट्रात शेकडो ठिकाणी आढळेल असा एक फाटा घेऊ. राज्यमार्गावर एका बाजूने गावचा रस्ता येऊन मिळतो, कोपऱ्यावर जिल्हा परिषदेची शाळा आणि एसटीचा थांबा आहे. अपघात होतात आणि गतिरोधकाची मागणी होते. गावकऱ्यांची मागणी बहुधा राज्यमार्गावर गतिरोधक टाकण्याची असते. तत्त्वांनुसार तो गावच्या रस्त्यावर, मोठ्या रस्त्याच्या कडेपासून सुमारे पाच मीटर आत असावा. वेगवान वाहतुकीला रोखण्याऐवजी, तिच्यात येऊन मिसळणाऱ्याला थांबून दोन्ही बाजू पाहायला लावणे, हा त्यामागील विचार आहे. पाच मीटर अंतरामुळे जीप किंवा मोटार गतिरोधक ओलांडून राज्यमार्गात न शिरता उभी राहू शकते.

गतिरोधक रस्त्याला काटकोनात आणि डांबरी रस्त्याच्या संपूर्ण रुंदीत असावा. पाणी वाहून जाण्यासाठी कडेला वाट ठेवावी लागते, पण ती अरुंद हवी. आपल्याकडे कडेला हातभर मोकळी जागा सुटते आणि मग प्रत्येक दुचाकीस्वार उंचवटा टाळण्यासाठी त्या फटीकडे वळतो. मागून येणाऱ्या वाहनासमोर आडवे जाणे, साइडपट्टीच्या खडीवर घसरणे आणि पायी चालणाऱ्यांना धडक देणे, हे तिन्ही प्रकार त्या फटीमुळे घडतात.

बांधकामावेळी मुकादमाकडे लाकडी किंवा पत्र्याचा साचा असला पाहिजे. साच्याविना केवळ नजरेच्या अंदाजाने घातलेला गतिरोधक नेहमीच अरुंद आणि उंच होतो, कारण मिश्रण मध्ये ओतले जाते आणि कडा पसरविण्याचे कष्ट कोणी घेत नाही. झालेले काम तपासण्यासाठी दोरी, मोजपट्टी आणि पाणसळ पुरेशी आहे. सपाट रस्त्यावरच्या पातळीत दोरी ताणून माथ्याची उंची काढावी आणि कडेपासून आत जात उंची मोजावी. कडेपासून ४५ सेंटिमीटरवर ती सव्वाचार सेंटिमीटरच्या आसपास, ९० सेंटिमीटरवर साडेसातच्या आसपास, १३५ सेंटिमीटरवर सव्वानऊच्या आसपास आणि मध्यावर दहा असली पाहिजे. पहिल्याच ४५ सेंटिमीटरमध्ये उंची आठ-नऊ झाली असेल, तर तो गतिरोधक नसून बांध आहे. रस्ता लांब सरळ असेल आणि एकाहून अधिक गतिरोधक लागत असतील, तर त्यांमध्ये शंभर ते एकशेवीस मीटर अंतर ठेवावे, असे तत्त्वे सांगतात. त्याहून जास्त अंतर पडले, की वाहने मध्ये पुन्हा वेग घेतात.

मग राज्यमार्गावर काहीच करायचे नाही का? तेथे रम्बलरचा उपयोग होतो.

रम्बलर : थांबविणारा नव्हे, जागविणारा

रम्बलर म्हणजे रस्त्याला आडव्या टाकलेल्या कमी उंचीच्या पट्ट्यांचा संच. एकेका पट्टीची उंची मिलिमीटरमध्ये मोजायची असते, गतिरोधकासारखी सेंटिमीटरमध्ये नाही. थर्मोप्लास्टिकच्या पट्ट्या साधारणपणे पाच ते पंधरा मिलिमीटर जाडीच्या असतात. वाहन त्यावरून गेले, की घरघर आवाज येतो, स्टिअरिंग थरथरते आणि चालकाचे लक्ष वेधले जाते. पुढे तीव्र वळण आहे, रेल्वे फाटक आहे किंवा गाव आहे, ही पूर्वसूचना देणे एवढेच रम्बलरचे काम असते. वेग कमी करायचा की नाही, हे चालकाच्या हाती राहते.

हा फरक विसरल्याने आपल्याकडे दोन चुका होतात. पहिली म्हणजे पट्ट्यांची उंची वाढवून रम्बलरलाच गतिरोधक बनविणे. पाच-सहा जाड पट्ट्या पाठोपाठ आल्या, की दुचाकीला एकापाठोपाठ एक धक्के बसतात, चाक रस्त्याला धड टेकत नाही आणि ब्रेकचा परिणाम नेमका जेथे हवा तेथेच कमी होतो. पाठदुखीच्या रुग्णांना आणि रुग्णवाहिकेतील प्रवाशांना होणारा त्रास वेगळाच. दुसरी चूक म्हणजे ज्या ठिकाणी समस्या चालकाच्या लक्षाची नाही, तेथे रम्बलरवर भिस्त ठेवणे. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा दीर्घ उतार याचे उदाहरण आहे. तेथे २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका ट्रकने सुमारे ४८ वाहनांना धडक दिल्यानंतर जे उपाय झाले, त्यात रम्बलरचाही समावेश होता. बेसावध मोटारचालकाला त्याने जाग येते, यात शंका नाही. परंतु लांब उतारावर ब्रेक तापून निकामी झालेल्या अवजड वाहनाच्या चालकाला जागे करून काय साधणार? तो जागाच असतो. अशा उतारावर वाहनाला खालच्या गिअरमध्ये ठेवणे, वेगमर्यादेची अंमलबजावणी आणि उताराचीच रचना सुधारणे हे उपाय आहेत. त्याच परिसरात १३ नोव्हेंबर २०२५ रोजी पुन्हा मोठा प्राणघातक अपघात झाला.

रम्बलरला आणखी एक मर्यादा आहे, ती आवाजाची. घरांपासून हाकेच्या अंतरावर टाकलेल्या रम्बलरवरून रात्री रिकामा ट्रक गेला, की त्याचे फाळके खडखडतात. रहिवासी तक्रार करतात, पट्ट्या उखडल्या जातात आणि काही महिन्यांनी अपघात झाला, की पुन्हा टाकल्या जातात. वस्तीच्या अगदी तोंडाशी त्या न टाकता थोड्या अलीकडे टाकल्यास त्रास कमी होतो आणि चालकालाही वेग कमी करण्यास अवधी मिळतो.

सोसायट्यांसमोर आणि पेट्रोल पंपांवर खिळ्यांनी ठोकलेले पिवळे-काळे रबरी किंवा प्लॅस्टिकचे तुकडे हा तिसरा प्रकार. ते रुंदीला जेमतेम हातभर असतात. वर सांगितलेले अरुंद उंचवट्याचे सर्व दोष त्यांत आहेत. भरीस भर म्हणजे अवजड वाहनांखाली तुकडे निघून जातात आणि रस्त्यात बोल्टची टोके उरतात. आवाराच्या फाटकाच्या आत, जेथे वाहने पंधराच्या वेगानेही जात नाहीत, तेथे ते चालू शकतात. सार्वजनिक रस्त्यावर नाही.

परवानगी आणि जबाबदारी

गतिरोधक कोणालाही टाकता येत नाही. रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे ती यंत्रणा, म्हणजे महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद किंवा सार्वजनिक बांधकाम विभाग, आणि वाहतूक पोलिस यांच्या सल्ल्याने तो व्हावा, अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात सोसायटी, मंडळ किंवा स्थानिक लोकप्रतिनिधी परस्पर सिमेंटचे बांध घालून घेतात आणि यंत्रणा ते 'आमचे नाहीत' म्हणून रंगवत नाही आणि 'लोकांचा विरोध होईल' म्हणून काढतही नाही. अपघात झाल्यावर मग कोणाचाच गतिरोधक नसतो. माहितीच्या अधिकारात संबंधित रस्त्यावरील मंजूर गतिरोधकांची यादी मागितली, की ती आणि प्रत्यक्ष संख्या यांतील तफावत सहज समोर येते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८ अ घालण्यात आले. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरवून दिलेल्या मानकांप्रमाणे न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही. तरीही दोष केवळ चालकाचा नसतो, हे कायद्याने प्रथमच इतक्या स्पष्टपणे मान्य केले.

हे कलम लागू करायचे तर गतिरोधकाचा दोष पुराव्याने सिद्ध व्हावा लागतो आणि अडचण तेथेच आहे. पंचनाम्यात वाहनांचे नंबर, रक्ताचे डाग आणि चाकांच्या खुणा येतात, पण उंचवट्याची उंची, रुंदी, पट्ट्यांची स्थिती आणि फलकाचे अंतर क्वचितच येते. केंद्राच्या 'आय-रॅड' या प्रणालीत पोलिसांना मोबाइलवरून घटनास्थळाची छायाचित्रे आणि तपशील भरता येतो, तसेच रस्त्याच्या यंत्रणेच्या अभियंत्याकडून पाहणी मागविण्याची सोय आहे. सुरुवातीच्या टप्प्यात ज्या सहा राज्यांत ती राबविण्यात आली, त्यांत महाराष्ट्र होता. अर्थात ही पाहणी वेळेत झाली तरच तिला अर्थ आहे. मोठ्या अपघातानंतर चोवीस तासांच्या आत गतिरोधकावर नवे कोरे पांढरे पट्टे उमटलेले दिसतात, हा वार्ताहरांचा जुना अनुभव आहे. जखमीच्या नातेवाइकाने त्याच रात्री मोजपट्टी ठेवून काढलेले एखादे छायाचित्र, त्यावरील तारीख आणि वेळेसह, अशा प्रकरणांत नंतरच्या कोणत्याही पाहणीपेक्षा उपयोगी ठरते.